ओव्हनमधले समोसे: काही महिने करून बघितल्यावर

पावसाळ्यापासून आमच्याकडे समोसे ओटीजीतच होतायत, तळणं जवळपास बंदच, म्हणून म्हटलं लिहून टाकावं. आधीच सांगते, हलवायाच्या समोशासारखं फुगीर, फोड आलेलं कव्हर ओव्हनमध्ये येत नाही. येतं ते खारीच्या जवळ जाणारं, आणि ते चांगलं लागतं, पण मोहन सढळ हवं. मी 250 ग्रॅम मैद्याला 75 ग्रॅम थंड तूप चोळून घेते, पाणी कमीत कमी, पीठ घट्ट. तेवढं तूप नसेल तर कव्हर बिस्किटासारखं कडक होतं आणि आतून कच्चट राहतं.

टेम्परेचरचं म्हणाल तर 200 वर दहा मिनिटं प्रीहीट, समोसे आत गेले की लगेच 180, मग 30-35 मिनिटं. पूर्ण वेळ 200 ठेवलं तर टोकं काळी पडतात आणि जिथे पारीचे थर एकावर एक येतात ती शिवण मात्र पांढरीच. फॅन चालू असेल तर 160-165 पुरे.

आता रंग. तळताना तेल चहूबाजूंनी लागतं म्हणून रंग सारखा येतो, ओव्हनच्या कोरड्या हवेत नुसता मैदा फिकटच राहतो, त्यामुळे वरून काहीतरी लावावंच लागतं. नुसतं तेल लावलं तर खुसखुशीत होतात पण रंग फिका. एक अंडं आणि एक चमचा दूध फेटून, गाळून, ब्रशने पातळ हात द्यायचा, पाच मिनिटं सुकू द्यायचं आणि परत एक हात. गाळायचं कारण पांढऱ्याच्या गुठळ्या राहिल्या की तिथे डाग दिसतात. जाड लावलं तर खाली ओघळून ट्रेवर त्याचं ऑम्लेट होतं आणि समोसा उचलताना बूड फाटतं, म्हणून खाली बटर पेपर. सासूबाईंना अंडं चालत नाही, त्यांच्या समोशांना दूध आणि चिमूटभर साखर लावते, रंग येतो पण ती चमक नाही.

उलटवणं टाळू नका हं. साधारण 18 मिनिटांनी ट्रे बाहेर काढून समोसे चिमट्याने पालटायचे, वर आलेल्या बाजूला अंड्याचा हात द्यायचा, आणि ट्रे आत ठेवताना मागची बाजू पुढे करायची, कारण माझ्या ओव्हनमध्ये मागे जास्त तापतं, बहुतेकांच्यात तेच असेल. त्याआधी हात लावला तर पारी मऊ असते, चेपते.

सारण पूर्ण गार आणि कोरडं हवं, गरम बटाटा भरला की वाफेने शिवण उघडते नाहीतर बूड ओलं राहतं. झाल्यावर जाळीवर काढा, ताटात ठेवले की घाम येऊन मऊ पडतात. उरलेले दुसऱ्या दिवशी 160 वर सात-आठ मिनिटं ठेवले की परत कुरकुरीत होतात, मायक्रोवेव्हमध्ये मात्र चामडं होतं.