सकाळचा व्यायाम: रिकाम्या पोटी की केळं खाऊन?

डोंबिवली, ठाणे, मुलुंडकडून आठच्या आसपासची फास्ट पकडणाऱ्या माणसाला व्यायामासाठी पहाटेची साडेपाच-सहाची वेळच काय ती उरते. एवढ्या पहाटे तसंच जिमला जावं की दोन घास खाऊन, हा प्रश्न मग रोजचाच होतो. पोटाचा घेर कमी करायचा असेल तर रिकाम्या पोटीच जा, असं जिममध्ये कुणीतरी सांगतंच. माझं मत आधीच सांगून टाकतो: नुसतं चालायला जात असाल तर उपाशी गेलात तरी चालेल, वजनं उचलणार असाल तर केळं खाऊन जा. चरबीच्या हिशेबाने दोन्हींत सांगण्यासारखा फरक पडत नाही.

उपाशी व्यायामाचा आग्रह ज्यावर उभा आहे ती गोष्ट खरी आहे. रात्रभर काही न खाल्ल्यामुळे रक्तातलं इन्सुलिन खाली आलेलं असतं, त्यामुळे साठलेली चरबी सहज मोकळी होते आणि त्या तासाभरात शरीर चरबी जास्त वापरतं. पण जास्त म्हणजे किती? समजा, तुम्ही पाऊण तास भरभर चाललात आणि 200 कॅलरी खर्च झाल्या. खाऊन गेलात तर त्यातल्या निम्म्या चरबीतून आल्या, उपाशी गेलात तर 65 टक्के आल्या, असं धरू. फरक 30 कॅलरींचा, म्हणजे साधारण 3 ग्रॅम चरबीचा. हे 3 ग्रॅमही पदरात पडतीलच असं नाही. सकाळी चरबी जास्त वापरली गेली की दिवसाच्या उरलेल्या वेळात शरीर पिष्टमय पदार्थ जास्त आणि चरबी कमी वापरतं. हिशेब चोवीस तासांचा असतो आणि तो ठरतो दिवसभरात खाल्लेल्या आणि खर्चलेल्या कॅलरींवर.

व्यायामावर संशोधन करणारे ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये हे थेट तपासलं. 20 तरुण स्त्रिया, सगळ्यांना कमी कॅलरींचा आहार, आठवड्यातून तीनदा तासभर एकाच गतीचा कार्डिओ. एका गटाला शेक व्यायामाआधी, दुसऱ्याला तोच शेक व्यायामानंतर. चार आठवड्यांनी दोन्ही गटांचं वजन आणि चरबी उतरली होती आणि दोन गटांत लक्षणीय फरक नव्हता. माणसं थोडी आणि काळही थोडा, त्यामुळे हा शेवटचा शब्द नव्हे. पण उपाशी व्यायामाने चरबी झपाट्याने उतरत असती, तर त्याची काही चुणूक इथे दिसायला हवी होती.

व्यायामाच्या दर्जाचं मात्र वेगळं आहे. झोपेत रिकामा होत जातो तो यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेचा साठा, कारण रात्रभर रक्तातली साखर तोच सांभाळतो. स्नायूंमधला साठा झोपेत फारसा हलत नाही. म्हणजे रात्री भात-आमटी किंवा पोळी-भाजी नीट जेवलेला माणूस सकाळी उपाशी असला तरी त्याच्या मांड्यांमध्ये इंधन असतं. रात्री नुसतं सूप पिऊन झोपलेला आणि आदल्या दिवशीही पायांचा व्यायाम केलेला माणूस खरा अडचणीत येतो. 'मला रिकाम्या पोटी जमतं' आणि 'मला अजिबात जमत नाही' असं सांगणाऱ्या दोघांमधला फरक बरेचदा आदल्या रात्रीच्या ताटात असतो.

मुलुंडच्या माझ्या एका मित्राची वहीच बघा. केळं खाऊन गेला त्या दिवशी 60 किलोचे स्क्वॉट तीन सेटमध्ये 10, 10, 9. उपाशी गेला त्या दिवशी 10, 8, 6. पहिला सेट अगदी सारखा, घसरण पुढच्या सेटमध्ये. नुसता पहिला सेट बघून 'मला काही फरक पडत नाही' म्हणणारे इथेच फसतात. वजन उतरवताना वजनं उचलायची ती स्नायू टिकवण्यासाठी, आणि त्यातलं बरंचसं काम शेवटच्या कष्टाच्या रेप्समध्ये होतं. त्याच रोज गळायला लागल्या तर चरबीसोबत स्नायूही उतरू शकतात.

अशी घसरण अभ्यासांतही दिसली आहे, विशेषतः रोज नाश्ता करणाऱ्यांमध्ये. गंमत म्हणजे जवळपास शून्य कॅलरींचा, पण नाश्त्यासारखा लागणारा घट्ट पदार्थ दिला तरी कामगिरी सुधारल्याचं एका प्रयोगात दिसलं. म्हणजे फरकाचा काही भाग इंधनाचा नसून भुकेचा आणि सवयीचा आहे. ज्यांना सकाळी भूकच लागत नाही त्यांनी जबरदस्तीने खायचं कारण नाही.

'हलकं' म्हणजे काय, यावर मात्र बराच घोळ होतो. पावणेसहाला पोहे खाऊन सहाला स्क्वॉट मारायला गेलात तर मळमळणारच. तेल आणि दाणे पचायला वेळ घेतात, त्यामुळे पोह्यांना किमान दीड तास हवा आणि तेवढा वेळ पहाटे कुणाकडे नसतो. मध्यम आकाराचं एक केळं म्हणजे सुमारे 100 कॅलरी, ते वीस-पंचवीस मिनिटं आधी खाल्लं तरी बहुतेकांना त्रास होत नाही. दोन-तीन खजूरही चालतील. केळ्याच्या 100 कॅलरी दिवसाच्या हिशेबात धरा, म्हणजे दुपारी अर्धी-एक पोळी कमी.

उपाशी जाणाऱ्यांचं गणित खरं बिघडतं ते नंतर. सातला जिममधून बाहेर, आंघोळ, धावत स्टेशन, आणि पोटात पहिला घास पडतो दहाला ऑफिसच्या कँटीनमध्ये. तोवर भूक इतकी भडकलेली असते की वडापाव आणि कटिंग सहज होऊन जातं, आणि वाचवलेल्या केळ्याच्या दुप्पट-तिप्पट कॅलरी एका बैठकीत परत येतात. उपाशी वजनं उचलल्यावर स्नायूंना लवकर प्रथिनंही हवी असतात. दोन उकडलेली अंडी आणि पेलाभर दूध म्हणजे 20 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. एवढं घर सोडण्याआधी होणार नसेल, तर वजनांच्या दिवशी उपाशी जाऊ नका.

मुंबईच्या दमट हवेत चक्कर आली की दोष रिकाम्या पोटाला दिला जातो, पण बऱ्याचदा ती पाण्याची कमतरता असते. उठल्यावर दोन पेले पाणी प्या, खूप घाम येत असेल तर त्यात चिमूटभर मीठ आणि लिंबू घाला. एवढं करूनही हात थरथरायला लागले, थंड घाम सुटला तर थांबा आणि काहीतरी गोड खा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी व्यायाम करूच नका. त्यात साखर खरोखर धोकादायक पातळीवर उतरू शकते.

तरीही मन ठरत नसेल तर दोन आठवडे केळं खाऊन आणि दोन आठवडे उपाशी, असं करून बघा. रात्रीचं जेवण, झोप आणि वजनं तीच ठेवा. वहीत तीनच गोष्टी लिहा: मुख्य व्यायामाच्या शेवटच्या सेटमधल्या रेप्स, अकरा वाजेपर्यंत पोटात गेलेलं सगळं, आणि आठवड्यातून एकदा बेंबीपाशी कमरेचं माप. दोन आठवड्यांत मापातला फरक पाण्यामुळेही दिसू शकतो, त्यामुळे त्यावर फार भिस्त ठेवू नका. रेप्स टिकल्या आणि अकरापर्यंतचं खाणं वाढलं नाही, तर उपाशी जायला हरकत नाही. दोन्हींपैकी एक जरी बिघडलं, तर रात्रीच टेबलावर केळं काढून ठेवा.