चाकणमधली कंपनीची रूम: राहतानाचा आणि नोकरी सोडतानाचा अनुभव

शेवटच्या पगारातून निम्म्याहून जास्त पैसे कापले गेले, म्हणून हे लिहायला बसलो. चाकण एमआयडीसीत ज्यांनी काम केलंय त्यांना कंपनीची रूम काय असते हे सांगायला नको. टू बीएचके फ्लॅट, त्यात आठ जण, लोखंडी कॉट, भाडं पगारातून परस्पर वळतं. आमच्याकडे माणशी १,८०० रुपये होते, लाइटबिल वेगळं आणि ते डोक्यावर वाटून.

सुरुवातीला हा आकडा मला खटकत होता. आठ जणांचे महिन्याला १४,४०० होतात आणि त्याच बिल्डिंगमध्ये खालचा तसाच फ्लॅट एका कुटुंबाला १२,००० ला दिलेला होता. कंपनी आपल्यावर कमावते, असं मी सगळ्यांना सांगायचो. नंतर गावाकडचे दोघं जण खराबवाडीत स्वतः रूम शोधायला लागले, तेव्हा त्यांच्याबरोबर फिरलो आणि माझं मत बदललं. मालकाला आधी डिपॉझिट हवं, कॉट-गादी आपली आपण आणायची, पाण्याचे जार विकत घ्यायचे, आणि नाइट शिफ्ट सुटल्यावर शेअर रिक्षाची वाट बघत थांबायचं. आमच्या रूमसमोरून कंपनीची बस सुटायची. गावाहून नुकत्याच आलेल्या, हातात पहिला पगारही न पडलेल्या मुलाला डिपॉझिट न मागता छप्पर मिळतं, ही फार मोठी सोय आहे. राहण्याच्या बाबतीत मी या रूमला आजही चांगलंच म्हणेन. आठ जणांत एकच गिझर होता आणि सेकंड शिफ्टवाल्यांना गरम पाणी मिळायचं नाही, एवढं सोडलं तर तक्रार नाही.

माझी खरी तक्रार पगाराच्या स्लिपमधल्या एका ओळीबद्दल आहे. भाडं ज्या ओळीत कापलं जायचं तिच्यापुढे लिहिलेलं असायचं ‘अदर डिडक्शन’. भाडं, लाइटबिल, कधी सेफ्टी शूजचे पैसे, सगळं त्या एकाच आकड्यात. मी अकाउंट्समध्ये विचारलं तर साहेब म्हणाले, “अरे, सगळ्यांचं तसंच येतं.” रूममधले म्हणायचे, पैसे बरोबर कापले जातात ना, मग ओळीचं काय घेऊन बसलास? पण मला ती ओळ सलत राहिली, कारण घरभाड्याच्या कपातीला कायद्यात स्वतःचा नियम आहे. कामगाराने जागा स्वीकारलेली असेल तरच भाडं कापता येतं आणि कपात त्या जागेच्या किमतीपेक्षा जास्त असता कामा नये. जुन्या वेतन प्रदान कायद्यातही हे होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. आता ‘अदर’मध्ये भाडं किती आणि बाकीचं किती हेच कळत नसेल, तर जास्त कापलं की बरोबर, हे कामगाराने ठरवायचं कशावरून?

मार्चमध्ये मी रीतसर नोटीस देऊन नोकरी सोडली. शेवटचा दिवस १२ तारीख. त्या संध्याकाळी सुपरवायझरचा फोन आला, “उद्या सकाळी दहापर्यंत कॉट रिकामी कर, नवीन पोरगं येतंय.” चुलतभावाकडे भोसरीला सोय होती म्हणून माझं निभावलं. ज्याचं इथे कोणी नाही त्याने एका रात्रीत ट्रंक घेऊन कुठे जायचं? रूम नोकरीसाठी दिलेली असते, नोकरी संपली की राहण्याचा हक्क संपतो, हे मला मान्य आहे. रूम अडवून बसण्याचा सल्ला मी कुणालाही देणार नाही, कारण कंपनीची मालमत्ता ताब्यात ठेवली तर कंपनी कायद्याच्या कलम ४५२ खाली आपल्यावरच केस होऊ शकते. पण रूम किती दिवसांत सोडायची हे जॉइनिंगच्या कागदावर लिहून घ्या. आमच्या कागदावर त्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

मग फायनल सेटलमेंट आलं. माझा पगार १८,६०० होता, म्हणजे ३१ दिवसांच्या महिन्यात रोजचे ६००, आणि बारा दिवसांचे ७,२००. त्यातून पीएफ ७२० आणि ईएसआय ५४ गेले, ते बरोबरच आहे. पुढे ‘अदर डिडक्शन’ ३,५७०. हातात २,८५६.

मी एचआरला ईमेल केला की या ३,५७० ची फोड द्या. तोंडी विचारलं नाही, कारण तोंडी उत्तराचा पुढे काही उपयोग होत नाही. फोड आली ती अशी: पूर्ण महिन्याचं भाडं १,८००, लाइटबिल २७०, आणि गादीचं नुकसान १,५००. आता यात बघा. राहिलो बारा दिवस, तर भाडं बारा दिवसांचं, म्हणजे ६९७ व्हायला हवं. तेरा तारखेला त्याच कॉटवर दुसरा मुलगा झोपला, म्हणजे त्या महिन्याचं भाडं कंपनीने एका कॉटवर दोनदा घेतलं.

गादीचं प्रकरण तर मला फारच लागलं. ती गादी मला मिळाली तेव्हाच पायथ्याकडे कोपरा उसवलेला होता, आतला काथ्या बाहेर लोंबत होता आणि मधे तेलाचा मोठा डाग होता. भावाने सांगून ठेवलं होतं म्हणून पहिल्याच दिवशी मी कॉट, गादी आणि कपाटाच्या कुलुपाचे फोटो काढून केअरटेकर काकांना व्हॉट्सॲपवर पाठवले होते. काकांचं उत्तरही होतं, “ठीक आहे, नोंद केली.” नुकसानभरपाई कापायची असेल तर नुकसान कामगाराच्या हलगर्जीपणामुळे झालेलं असावं लागतं आणि कापण्याआधी त्याला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते. मला कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या ईमेलमध्ये फोटो, काकांचा मेसेज आणि हिशोब जोडला. शिवाय दोन गोष्टी लिहिल्या. एक, सगळ्या कपाती मिळून ४,३४४ होतात आणि कायद्याने कपात पगाराच्या निम्म्यावर, म्हणजे इथे ३,६०० वर, जाऊ शकत नाही. दोन, वेतन संहितेच्या कलम १७ प्रमाणे राजीनामा दिला तरी उरलेला पगार दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवा. ‘सेटलमेंट ४५ दिवसांनी’ ही कंपनीची पद्धत असेल, तिला कायद्यात आधार नाही. पैसे आले नाहीत तर कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करेन, असंही लिहिलं. अशा दाव्याला तीन वर्षांची मुदत असते.

अर्जाची वेळ आली नाही. एचआरच्या मॅडमनी फोन केला, नीट बोलल्या, आणि भाडं बारा दिवसांचं धरून गादीचे पैसे रद्द केले. २,८५६ चे ५,४५९ झाले. लाइटबिलाचे २७० तसेच राहिले, कारण मीटरचं बिल आठ जणांत कसं वाटलं हे आम्हाला कधी दाखवलंच नाही. ते बिल मी अजून मागतोय.

चावीबद्दलही सांगतो. ‘चावी जमा नाही’ म्हणून नो ड्यूज अडवतात आणि नो ड्यूज नाही म्हणून पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख टाकत नाहीत, असं माझ्या रूममधल्या एकाबरोबर झालं. त्याने चावी दिली होती, पण पावती नव्हती. पीएफ त्याच्या स्वतःच्या खात्यातला पैसा आहे, चावीशी त्याचा संबंध नाही. शेवटचा हप्ता भरल्यावर दोन महिने झाले की ती तारीख पीएफच्या पोर्टलवर कामगाराला स्वतः टाकता येते, आधारला मोबाइल जोडलेला हवा. त्याला मी तेच सांगितलं आणि त्याचं काम झालं. मी माझी चावी देताना काकांच्या वहीत तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घेतल्या आणि त्या पानाचा फोटो काढला.

नवीन कंपनीतही रूम देतायत, माणशी २,००० ने. घ्यायला मी तयार आहे. फक्त स्लिपवर ‘निवास भाडं’ अशी वेगळी ओळ येईल का, हे ईमेलने विचारलंय. उत्तर आल्यावर इथेच लिहीन.