एफडीवर घेतलेलं क्रेडिट कार्ड: वर्षभराच्या वापरानंतर

माझा घरगुती शिवणकामाचा व्यवसाय आहे. पगाराची स्लिप नाही, आजवर कधी कर्ज नाही की हप्त्यावर काही घेतलेलं नाही. त्यामुळे साधं क्रेडिट कार्ड मागितलं की अर्ज नामंजूर व्हायचा. सिबिलच्या रिपोर्टमध्ये स्कोअरच्या जागी नुसतं -1 दिसायचं. याचा अर्थ स्कोअर वाईट आहे असा नाही, मोजायला काही इतिहासच नाही एवढाच. शेवटी बँकेत २५,००० रुपयांची एफडी केली आणि तिच्यावर कार्ड घेतलं. उत्पन्नाचा पुरावा कोणी मागितला नाही. एफडीच्या ८० टक्के, म्हणजे २०,००० रुपयांचं लिमिट मिळालं. हे प्रमाण प्रत्येक बँकेत वेगळं असतं, आधी विचारून घ्या.

एफडीवर व्याज नेहमीसारखं मिळत राहतं, पण तिच्यावर बँकेचा लिअन, म्हणजे तारण-हक्क बसतो. कार्ड चालू आहे तोवर ती मोडता येत नाही. म्हणून दवाखान्यासाठी किंवा अडीनडीला ठेवलेले पैसे यात अजिबात घालू नयेत. एफडी करताना आपोआप नूतनीकरण चालू आहे का, तेही बघावं.

वर्षभरात मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट कार्ड देताना कोणी सांगत नाही. लिमिट लहान असलं की आपण त्यातलं किती वापरतोय हे स्कोअरच्या दृष्टीने फार मोठं दिसतं. माझं बिल १८ तारखेला तयार होतं आणि पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचं असतं. दिवाळीच्या ऑर्डरींसाठी मी १४,००० रुपयांचं कापड आणि अस्तर घेतलं. बिल वेळेत, पूर्ण भरलं. तरीही रिपोर्टमध्ये २०,००० च्या लिमिटवर १४,००० बाकी, म्हणजे ७० टक्के वापर असंच दिसलं. कारण सिबिलसारख्या ब्युरोकडे ठरलेल्या तारखेची बाकी जाते, आणि मी पैसे भरेपर्यंत ती गेलेली होती. वापर साधारण ३० टक्क्यांच्या आत असावा असं म्हणतात, माझ्या लिमिटवर ते फक्त ६,००० होतात. एका ब्लाऊजपीसच्या गठ्ठ्यात संपतात ते!

उपाय सोपा आहे. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती महिन्यातून किमान दोनदा पाठवावी लागते. त्यामुळे मोठी खरेदी झाली की मी बिलाची वाटच बघत नाही. गिऱ्हाइकाचे पैसे आले की १२,००० लगेच ॲपमधून कार्डावर भरते, बाकी २,००० बिलात येतात आणि ते नंतर भरते. वापर १० टक्के दिसतो. एखाद्या महिन्यात जास्त दिसला तरी घाबरायचं कारण नाही, पुढे बाकी कमी झाली की स्कोअर सावरतो. माझा स्कोअर पहिल्या सहाएक महिन्यांत दिसायला लागला आणि आता साडेसातशेच्या आसपास आहे.

दुसरा मुद्दा 'मिनिमम ड्यू'चा. बिलावर मोठी रक्कम आणि तिच्याखाली छोटी रक्कम अशा दोन्ही असतात, आणि छोटी भरली की काम झालं असं वाटतं. दंड लागत नाही हे खरं, पण उरलेल्यावर व्याज सुरू होतं, तेही खरेदीच्या तारखेपासून, आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. माझ्या कार्डाचा दर महिन्याला ३.५ टक्के आहे. ८,००० रुपये महिनाभर मागे ठेवले तर व्याज २८० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून जवळपास ३३०. माझी एफडी ७ टक्क्यांनी महिन्याला १४६ रुपये देते. म्हणजे एका महिन्याच्या थकबाकीत दोन महिन्यांहून जास्त व्याज गेलं. एटीएममधून रोख काढली तर मुदत मुळातच नाही, व्याज पहिल्या दिवसापासून आणि शुल्क वेगळं.

बँकेवरची तक्रार एकच. रिपोर्टमध्ये हे खातं बरेच दिवस उमटलंच नव्हतं. शाखेत विचारलं तर 'येईल, येईल' एवढंच. लेखी तक्रार दिल्यावर आलं. म्हणून कार्ड घेऊन दोन-तीन महिने झाले की रिपोर्ट काढून बघाच. चारही ब्युरो वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत देतात, आणि खातं तिथे 'सिक्युअर्ड क्रेडिट कार्ड' म्हणून दिसायला हवं.

आता त्याच बँकेकडून साध्या कार्डाची ऑफर आली आहे. ते हातात येऊन त्याची काही बिलं होईपर्यंत हे कार्ड बंद करणार नाही, कारण माझा सगळा इतिहास सध्या याच एका खात्यावर आहे. बंद करायचं तेव्हा आधी पूर्ण बाकी भरून अर्ज द्यायचा. त्यानंतर सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद करायचं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, उशीर झाला तर खातं बंद होईपर्यंत दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा. पण एफडीवरचा लिअन काढला का, हे मात्र वेगळं विचारून, एफडीच्या तपशिलात स्वतः बघून खात्री करा.