लक्ष्याची आडवी रेषा: बारा महिन्यांचा रकाना की दोन बिंदू?

मासिक विक्रीच्या स्तंभांवर लक्ष्याची सपाट रेषा आणण्याचे दोन मार्ग मी एक्सेलमध्ये वापरले आहेत. पहिल्यात विक्रीशेजारच्या रकान्यात प्रत्येक महिन्यासमोर तेच लक्ष्य येते आणि कॉम्बो चार्टमध्ये त्या मालिकेचा प्रकार `Line` ठेवला जातो. दुसऱ्यात (0, लक्ष्य) आणि (1, लक्ष्य) असे दोनच बिंदू `Scatter` प्रकाराने जोडले जातात. दोन्हींत लक्ष्याचा आकडा एकाच पेशीत ठेवून बाकी ठिकाणी `=$E$1` लिहिणे सोयीचे पडते.

पहिल्या मार्गाची उणीव लगेच डोळ्यांत भरते: रेषा एप्रिलच्या स्तंभाच्या मध्यावर सुरू होते आणि मार्चच्या मध्यावर संपते. त्यावर उपाय म्हणजे त्या मालिकेला `Linear` ट्रेंडलाइन जोडून `Forward` आणि `Backward` या दोन्ही ठिकाणी 0.5 देणे, मूळ रेषेला `No line` करणे आणि लेजंडमधली तिची नोंद काढून टाकणे. मग रेषा दोन्ही कडांना भिडते.

दोन बिंदूंची रेषा अधिक नेटकी दिसते, हे मान्य केले पाहिजे. ती दुय्यम अक्षांवर नेऊन दुय्यम आडव्या अक्षाची मर्यादा 0 ते 1 ठेवली की ती थेट काठापासून काठापर्यंत जाते. मात्र दुय्यम उभा अक्ष `Delete` करावा लागतो, म्हणजे रेषा विक्रीच्याच मापावर येते. आणि माझा निर्णय नेमका इथे झाला. फाइल दुसऱ्याच्या हाती गेली की तो अक्ष परत आणला जातो आणि मग त्याचे आकडे नकोत म्हणून नुसते लपवले जातात. समजा, लक्ष्य 5 लाख आहे. दुय्यम अक्ष स्वतःहून 0 ते 6 लाख असे माप घेतो. दिवाळीच्या महिन्यात विक्री 9 लाखांवर गेल्याने मुख्य अक्ष 10 लाखांपर्यंत वाढला, तर लक्ष्याची रेषा साधारण 8.3 लाखांच्या उंचीवर दिसते. 7 लाखांची विक्री करणारा महिना लक्ष्याला मुकल्यासारखा वाटतो आणि चार्टवर चुकीची खूण कुठेच नसते. रेषेवर डेटा लेबल लावून तो आकडा डावीकडच्या अक्षाशी ताडून पाहिला, तरच हा घोळ उघड होतो. पहिल्या मार्गात दोन्ही मालिका मुख्य अक्षावरच राहतात. `Secondary Axis` ची खूण कोणी मुद्दाम केली नाही, तर हा धोका उद्भवत नाही.

अर्थात, ऑक्टोबरपासून लक्ष्य 6 लाख होणार असेल, तर ट्रेंडलाइन तिरकी होईल. तिथे चार बिंदूंची पायरी काढणारा `Scatter` अधिक योग्य ठरावा. वर्षभर एकच लक्ष्य असेल आणि फाइल अनेकांच्या हातांतून जाणार असेल, तर मात्र मी बारा वेळा तोच आकडा भरणारा रकानाच निवडतो.