रिचार्जसोबत आलेलं ओटीटी बंद करायला गेलो आणि ३,९९८ रुपये गेले

माझे एकूण ४,५९६ रुपये गेले. त्यातले ५९८ एका ओटीटी कंपनीने सगळं नियमात बसवून काढून घेतले आणि उरलेले ३,९९८ एका चोराने नेले. चोराला माझ्याकडून फार काही लागलं नाही. "ओटीटी बंद केलं तर रिचार्जही जाईल" ही भीती माझ्या मनात होती आणि ती घालणारा तो नव्हता, सिम कंपनीच्याच ग्राहक सेवेतला माणूस होता.

सुरुवातीपासून सांगतो. मी १,०६३ रुपयांचा ८४ दिवसांचा रिचार्ज केला. कॉल, रोजचा डेटा आणि सोबत एका ओटीटीचं फक्त मोबाइलवर चालणारं सबस्क्रिप्शन. रिचार्ज झाल्यावर "तुमचा फायदा सुरू करा" असा मेसेज आला. लिंक उघडली, मोबाइल नंबर टाकला, ओटीपी टाकला, ओटीटी सुरू. इथपर्यंत सगळं स्वच्छ होतं. पण त्याच ओघात पुढचा पडदा आला, टीव्हीवरही बघा, आत्ता फक्त १ रुपया. मी यूपीआयने तो एक रुपया दिला.

तो एक रुपया म्हणजे पेमेंट नव्हतं, ऑटोपेची परवानगी होती, हिलाच मँडेट म्हणतात. यूपीआय अ‍ॅपच्या त्या पडद्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: कमाल रक्कम ४९९ रुपये, दर महिन्याला, शेवटची तारीख कित्येक वर्षांनंतरची. ठळक अक्षरांत मात्र एकच आकडा असतो, १ रुपया. रिचार्जचा "फुकट" फायदा घेताना मधेच दुसऱ्या कराराचं दार उघडायचं आणि ते त्याच रिचार्जचा भाग वाटेल असं सजवायचं, याला साधी जाहिरात म्हणायला मी तयार नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नविरोधी, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीविरोधी, मार्गदर्शक तत्त्वांत "सबस्क्रिप्शन ट्रॅप" हा प्रकार नाव घेऊन दिलेला आहे. तरीही हे राजरोस चालू आहे.

महिन्याने खात्यातून २९९ गेले, पुढच्या महिन्यात पुन्हा २९९. ऑटोपेचे पैसे कापण्याआधी किमान चोवीस तास सूचना यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि सूचना आलीही होती. पण रिचार्ज संपत आला, डेटा संपत आला, नवी ऑफर आली अशा मेसेजच्या ढिगाऱ्यात ती कुणाला दिसणार? तुम्हाला अशी सूचना दिसली तर त्याच क्षणी ऑटोपे रद्द करा. "उद्या बघू" म्हणालात की पैसे गेले.

मी सिम कंपनीला फोन केला. म्हटलं, ओटीटीचे पैसे कापले जाताहेत, ते बंद करा, रिचार्ज राहू द्या. पलीकडून उत्तर आलं, "सर, तो बेनिफिट पॅकमध्येच आहे. काढायचा असेल तर पॅकच काढावा लागेल." मुदत अजून शिल्लक होती, माझ्या सगळ्या बँकांचे ओटीपी याच नंबरवर येतात. पॅक काढायला कोण तयार होईल? त्या माणसाने एकच प्रश्न विचारायला हवा होता: पैसे रिचार्जमधून जाताहेत, टॉकटाइममधून जाताहेत की बँक खात्यातून? तो प्रश्न त्याने विचारला असता तर हे पुढचं काहीच घडलं नसतं.

वैतागून मी कंपनीच्या सोशल मीडिया पानावर, एका पोस्टखाली, सगळी तक्रार लिहिली. थोड्याच वेळात फोन आला. बोलणाऱ्याला माझी तक्रार शब्दशः माहीत होती, रिचार्जची रक्कमही माहीत होती. माहीत असणारच, मीच ती उघड्यावर लिहिली होती. पण त्या वेळी असंच वाटतं की कंपनीने अखेर दखल घेतली. तो म्हणाला, "रिचार्जला हात न लावता ओटीटी वेगळं करून देतो, कापलेले ५९८ पण परत येतील." मला जे ऐकायचं होतं तेच वाक्य. पानावर जाहीर तक्रार करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवा, त्या पानांवर हे लोक टपून बसलेले असतात. जाहीर पोस्टमध्ये नंबर नको, रिचार्जची रक्कमही नको.

त्याने एक लिंक पाठवली. पान कंपनीच्याच रंगातलं, वर बोधचिन्ह, खाली बटण: Cancel OTT, Keep Recharge. बटण दाबलं आणि माझं यूपीआय अ‍ॅप उघडलं. रक्कम १,९९९, शेऱ्याच्या जागी OTT CANCEL REFUND. मी विचारलं, ही रक्कम कसली? "ती रेफरन्स व्हॅल्यू आहे सर, ५९८ सोबत उलट जमा होते."

आता तो क्षण. पिन टाकायच्या पडद्यावर, रकमेच्या वर, कंपनीचं नाव नव्हतं. एका व्यक्तीचं नाव होतं, साधं नाव-आडनाव. मी ते वाचलं होतं. वाचलं, डोक्यात खटकलं, आणि तेवढ्यात कानात तो बोलत होता, "सर लवकर, सेशन संपेल, मग पॅकसकट रद्द होईल." रात्री झोप लागत नाही ती या एका ओळीमुळे. सगळा पडदा खोटा असू शकतो, पण पिनच्या पानावरचं नाव चोराला बदलता आलं नव्हतं. तेवढं एकच खरं होतं आणि ते माझ्या डोळ्यांसमोर होतं.

पिन कशाला टाकला, असं मला आता जो तो विचारतो. उत्तर द्यायलाच हवं. ऑटोपे खरोखर रद्द करतानाही यूपीआय अ‍ॅप पिन मागतं! म्हणून "पिन फक्त पैसे पाठवायला लागतो" हा सल्ला इथे पुरत नाही, आणि चोराला हे नेमकं ठाऊक होतं. फरक असा आहे की खऱ्या रद्द करण्यात सुरुवात तुम्ही तुमच्या अ‍ॅपच्या आतून करता. बाहेरच्या लिंकवरून, क्यूआरवरून किंवा कुणाच्या फोनवरून ऑटोपे रद्द होत नाही. कधीच नाही. आणि रद्द करताना "पैसे देत आहात" असा पडदा येत नाही.

शेऱ्यात OTT CANCEL REFUND आलं कसं, याचं उत्तर मला नंतर कळलं. पेमेंटची लिंक बनवणारा तो मजकूर स्वतः लिहितो:

```
upi://pay?pa=...&am=1999&tn=OTT CANCEL REFUND
```

`am` म्हणजे रक्कम, `tn` म्हणजे शेरा. शेऱ्यात काहीही लिहिता येतं, बँक ते तपासत नाही. त्यामुळे शेरा वाचून विश्वास ठेवायचा नाही, सुरुवातीचं `pay` आणि पिनच्या पानावरचं नाव बघायचं. पहिले १,९९९ गेल्यावर तो म्हणाला, "सर्व्हर फेल दाखवतोय, पुन्हा करा, दोन्ही एकदम परत येतील." पुन्हा १,९९९. मग फोन बंद.

यानंतर मदतीच्या नावाखाली जे मिळालं त्याचा संताप पैशांपेक्षा जास्त आहे. सिम कंपनी म्हणाली, तो नंबर आमचा नाही, पैसे आमच्याकडे आले नाहीत, विषय संपला. त्यांच्याच पानावरून चोराने मला गाठलं, याबद्दल एक शब्द नाही. ओटीटी कंपनी म्हणाली, मँडेटला तुम्हीच मंजुरी दिलीत, परतावा धोरणात बसत नाही. बँकेत गेलो तर काउंटरवरच्या बाईंनी पडद्याकडे बघतच सांगितलं, "पिन तुम्हीच टाकलाय ना? मग व्यवहार अधिकृत आहे." फसवून घेतलेली मंजुरी आणि खरी मंजुरी यांत बँकेच्या लेखी काहीच फरक नाही? लेखी पोच मागितली तर "ऑनलाइन टाका". ऑनलाइन टाकली तर "शाखेशी संपर्क साधा". पोलीस चौकीत तर रक्कम ऐकूनच चेहरा पडला, "एवढ्यासाठी?" त्यांच्यासाठी एवढीशी असेल. पण याच रकमेचा गळ टाकून तो चोर दिवसभर माणसं ओढत असणार, आणि रक्कम लहान ठेवायची ती नेमकी याचसाठी, की कुणी धावपळ करू नये.

म्हणून धावपळ कराच. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला तत्काळ फोन, पैसे पुढे सरकण्याआधी. मी आधी बँकेत ताटकळलो, मग १९३० लावला, हा क्रम उलटा हवा होता. तक्रार cybercrime.gov.in वर नोंदवा, पोच क्रमांक जपा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. सिम कंपनीकडे केलेल्या तक्रारीचा डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका, त्याच्याशिवाय कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येत नाही.

आणि आता मूळ गोष्ट, जी मला कंपनीने सांगायला हवी होती. रिचार्जसोबत आलेलं ओटीटी बंद करावंच लागत नाही. त्याचे वेगळे पैसे नसतात, त्याची ठरलेली मुदत संपली की ते आपोआप संपतं. ओटीटीच्या खात्यात ते मोबाइल कंपनीमार्फत असल्याचं दिसतं, त्याला हात लावू नका. पैसे खात असतं ते दुसरंच काहीतरी. बँकेतून कापले जात असतील तर यूपीआय अ‍ॅपमध्ये प्रोफाइल, मग AutoPay किंवा Mandates, त्यात त्या ओटीटीची नोंद, मग Cancel किंवा Revoke. Pause नको, ते पुन्हा सुरू होतं. अ‍ॅप काढून टाकल्याने मँडेट मरत नाही. टॉकटाइममधून कापलं जात असेल तर ती मूल्यवर्धित सेवा असते, १५५२२३ वर STOP पाठवा किंवा फोन करा, पैसे पडत नाहीत. यातल्या कशानेही पॅकची व्हॅलिडिटी हलत नाही. आणि कंपनीच्या माणसाने "पॅक काढतो, हो म्हणा" असं विचारलं तर हो म्हणू नका.

मी हे शेवटी स्वतः केलं. मँडेट रद्द झाल्याचा मेसेज आला, लगेच सिम कंपनीच्या अ‍ॅपमध्ये पाहिलं: व्हॅलिडिटी तीच, रोजचा डेटा तोच, मोबाइलवरचं ओटीटीही चालू. फक्त टीव्हीचा तो जास्तीचा भाग गेला. ३,९९८ ची तक्रार अजून "प्रक्रियेत" आहे आणि बँकेला मुदतीची आठवण करून देणारं पत्र मी आज पुन्हा पाठवलं आहे.