सनबर्स्ट की आडवे बार?

दादरच्या एका किराणा दुकानाच्या विक्रीचा तक्ता करायला घेतलेल्या मैत्रिणीला प्रश्न पडलाय: सनबर्स्ट, म्हणजे एकाभोवती एक कड्यांचा गोल तक्ता, घ्यावा की साधा बार चार्ट?

कोण कोणाच्या पोटात, हे दाखवण्यात सनबर्स्ट सरस. आतलं कडं मुख्य विभागांचं, बाहेरची पोटविभागांची. धान्य-मसाले हा विभाग विक्रीच्या 50 टक्के असेल तर 180 अंश. त्यातला पाचवा हिस्सा मसाले, म्हणजे 36. त्यांतला दहावा हिस्सा हळद, म्हणजे फक्त 3.6. वाचायचा तो कोन. क्षेत्रफळ फसवतं, कारण तोच कोन बाहेरच्या कड्यात मोठा दिसतो.

खरी अडचण नावांची. 200 पिक्सेल त्रिज्येवर हळदीची फाक जेमतेम साडेबारा पिक्सेल रुंद. एक ओळ कशीबशी बसते. अर्ध्या टक्क्याच्या हिंगाला सहाच उरतात. अशी नावं गळू लागली की तक्ता वाचण्याजोगा राहिला नाही, असं मी धरते.

हळद जास्त खपली की जिरं? एकाच रेषेपासून निघालेल्या बारमध्ये ते लगेच कळतं, वर्तुळातल्या लांबलांबच्या फाकांत नाही. उतरंड मात्र बारमध्ये नावं आत सरकवूनच दाखवावी लागते.

दोन-तीन थर, मोजके विभाग आणि मालकाला एकूण रचना दाखवायची असेल तर सनबर्स्ट. कुठला माल किती भरायचा हे ठरवायचं असेल तर बार.