क्लेरचा रोजचा प्रवास : ए-टू फ्रेंचचा एक उतारा, काही महिने वापरून झाल्यावर

पुण्यात घरी फ्रेंचच्या छोट्या बॅचेस घेते. गेल्या जूनपासून ए-टू म्हणजे दुसऱ्या पातळीच्या प्रत्येक बॅचला हा उतारा देते आहे, त्यामुळे आता त्याबद्दल लिहायला हरकत नाही. सुट्या वाचनपत्रिकांच्या संचातला हा एक पानाचा उतारा आहे. पाठीमागे आठ प्रश्न आणि शेवटी उत्तरसूची.

गोष्ट साधी आहे. क्लेर पॅरिसच्या दक्षिणेला आंतोनीत राहते. सकाळी सात-दहाला घरातून निघते, चालत स्टेशनवर जाते, आर.ई.आर. या उपनगरी रेल्वेची बी लाईन पकडते, शात्ले-ले-आलला उतरून चौदा नंबरची मेत्रो घेते आणि बिब्लिओतेक फ्रांस्वा मितेराँला उतरते. ऑफिस साडेआठचं, एरवी ती आठ-दहाला पोहोचते. दुसऱ्या परिच्छेदात ‘आज सकाळी’ सिग्नल बिघडतो आणि गाडीला वीस मिनिटं उशीर होतो. मार्ग खरा आहे, नकाशावर बोट ठेवून दाखवता येतो. ‘शहर अ ते शहर ब’ छापाच्या उताऱ्यांपेक्षा मुलं इथे जास्त रमतात.

पहिले तीन प्रश्न मात्र मला फुकट वाटतात. क्लेर कुठे राहते, स्टेशनवर कशी जाते, कुठली लाईन घेते. प्रश्नातलं क्रियापद उताऱ्यात शोधायचं आणि पुढचे शब्द उतरवायचे. फ्रेंच न येणाराही पैकीच्या पैकी मिळवेल. सुरुवातीला धीर येतो, एवढाच उपयोग.

खरी मजा चौथ्या प्रश्नापासून आहे. ‘क्लेरला आज ऑफिसला उशीर झाला : व्रे की फो?’ म्हणजे खरं की खोटं. उताऱ्यात ‘रतार’ हा उशिरासाठीचा शब्द ठळकपणे दिसतो, म्हणून अर्ध्याहून जास्त मुलं ‘व्रे’वर खूण करून मोकळी होतात. पण उशीर गाडीला झाला आहे. आठ-दहामध्ये वीस मिनिटं मिळवली की साडेआठ, म्हणजे क्लेर वेळेवर हजर. हे वाक्य उताऱ्यात कुठेच नाही. दोन परिच्छेदांत विखुरलेल्या वेळा जोडाव्या लागतात, आणि पहिला परिच्छेद रोजच्याबद्दल तर दुसरा आजच्याबद्दल बोलतो हेही लक्षात घ्यावं लागतं. प्रश्न रचणाऱ्याने इथे डोकं लावलंय.

सहावा त्याहून खट्याळ. उताऱ्यात क्लेरच्या स्वतःच्या मोटारगाडीबद्दल ‘एल न ला प्रां क ल वीकेंड’ असं आहे, म्हणजे ती गाडी फक्त शनिवार-रविवारीच काढते. विधान येतं : ‘क्लेर गाडी कधीच वापरत नाही.’ क्रियापदाआधीचा ‘न’ दिसला की मुलांच्या डोक्यात नकार पक्का होतो आणि ‘फक्त’ असा अर्थ देणारा नंतरचा ‘क’ वाचलाच जात नाही. ए-टूच्या मानाने ही रचना जरा टोकाची आहे. तुमच्या पुस्तकात ती अजून आली नसेल तर उतारा थांबवून ठेवा.

सातव्यात पैशांचा हिशोब आहे. पॅरिसमधल्या प्रवासाचा नाविगो हा महिन्याचा पास 75.20 युरो, त्यातला अर्धा खर्च कंपनी देते, तर क्लेरच्या खिशातून किती जातात? उत्तर 37.60. अनेकजण पूर्ण रक्कम लिहितात, कारण ‘मुआतिए’ म्हणजे ‘अर्धा’ या शब्दावरून नजर घसरते. कंपनीने पासाचा निम्मा खर्च उचलणं हा फ्रान्समधला कायदाच आहे, हे सांगितलं की वर्गात थोडी असूया पसरते. पासाची ही किंमत मात्र जुनी आहे. 2025 मध्ये तोच पास 88.80 युरोंचा झाला. मी पेनने आकडा बदलून झेरॉक्स काढते. त्या हिशोबाने उत्तर 44.40 येतं.

तक्रार आहे ती उत्तरसूचीबद्दल. तिथे नुसतं ‘फो’ छापलंय, का ते नाही. एकट्याने अभ्यास करणाऱ्याचं उत्तर चुकलं तर कुठे गडबड झाली हे त्याला कळायला मार्गच नाही, आणि चौथ्या प्रश्नात तर पुरावा एका ओळीत सापडतही नाही. मी मुलांना प्रत्येक व्रे-फोपुढे आधाराच्या ओळींचे क्रमांक लिहायला लावते. डेल्फ ए-टू या फ्रेंचच्या परीक्षेच्या नव्या नमुन्यात वाचनाच्या भागात पर्याय निवडायचे असतात, समर्थन मागत नाहीत. पण अंदाजाने टिक करण्याची सवय याच वळणावर मोडते. ओळींचे क्रमांकही पत्रिकेवर छापलेले नाहीत, ते आधी पेन्सिलीने घालून घ्यावे लागतात.

वेळ म्हणाल तर पहिल्या वाचनासह वीस मिनिटं पुरतात. परीक्षेत चार मजकुरांना मिळून तीसच मिनिटं असतात, तेव्हा तयारीच्या शेवटच्या महिन्यात याला दहाच मिनिटं द्या. नुकती ए-वन संपवलेल्यांनी पहिला परिच्छेद आणि पहिले तीन प्रश्न करून थांबलं तरी चालेल. शिकवणाऱ्यांनी घ्यायला हरकत नाही. घरी एकट्याने करणार असाल तर चुका समजावून सांगणारं कुणीतरी गाठून ठेवा.